फोटोतला थर्मामीटर ओळखायचा कसा आणि वाचायचा कसा?

गटातल्या ताईंनो, मावश्यांनो, घरी काम करता करता रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्याजणींनो, आज आपण थर्मामीटरबद्दल बोलणार आहोत. बचत गटाच्या मोबाईल ग्रुपवर हल्ली हप्त्यांच्या निरोपांइतकेच तापाचे फोटो येतात. रात्री दहाला कोणीतरी थर्मामीटरचा फोटो टाकतं आणि खाली लिहितं, "ताप किती आहे सांगा. काय करू?" मग दहाजणी दहा उत्तरं देतात. कुणी म्हणतं कमी आहे, कुणी म्हणतं लगेच दवाखान्यात न्या.

भांडण खरं तर आकड्याचं नसतंच. आपल्या गावांत आज तीन जातीचे थर्मामीटर वापरात आहेत. एक पाऱ्याचा, काचेचा. दुसरा डिजिटल, बॅटरीवरचा. तिसरा कपाळासमोर धरायचा, ज्याला आपण बंदूक किंवा गन म्हणतो, त्याचं नाव इन्फ्रारेड थर्मामीटर. तिघांची मोजायची पद्धत वेगळी, जागा वेगळी आणि चुकण्याची तऱ्हाही वेगळी. म्हणून फोटो आला की आधी आकडा बघायचा नाही. आधी यंत्र ओळखायचं. मग तो आकडा अंगावरच्या कोणत्या जागेवरून आणि कसा आला ते विचारायचं. ताप किती, हे त्यानंतर ठरतं.

चला, आधी ओळख करून घेऊ. डोळ्यांसमोर फोटो आणा.

फोटोत पूर्ण काचेची, पेन्सिलीपेक्षा बारीक कांडी दिसतेय. त्यावर बारीक रेघा आणि आकडे छापलेत. एका टोकाला चंदेरी फुगवटा आहे. कुठे बटण नाही, कुठे खिडकी नाही. हा पाऱ्याचा. अलीकडे अगदी असाच दिसणारा, पण पाऱ्याऐवजी दुसरा चंदेरी द्रव भरलेला काचेचा थर्मामीटरही मिळतो. तो नुसत्या दिसण्यावरून ओळखू येत नाही. त्याच्या डबीवर किंवा कांडीवर पारा नसल्याचं लिहिलेलं असतं, ते वाचावं लागतं. वाचायची रीत दोघांची एकच.

फोटोत प्लॅस्टिकची चपटी कांडी आहे, मधे छोटी चौकोनी खिडकी आहे, खिडकीत आकडे उमटलेत, शेजारी एक बटण आहे आणि निमुळत्या टोकाला धातूची टोपी चमकतेय. हा डिजिटल. अंगाचा ताप त्या धातूच्या टोकालाच कळतो, म्हणून ते टोक अंगाला नीट चिकटायला हवं.

फोटोत मुठीत धरायचं, बंदुकीसारखं किंवा जाड कंगव्यासारखं यंत्र आहे, खिडकी मोठी आहे आणि पुढच्या तोंडाला छोटं गोल काचेचं भिंग आहे, अंगाला लावायचं टोकच नाही. हा इन्फ्रारेड. यातलाच एक प्रकार कानात धरायचा असतो, त्याला पुढे आखूड नळी असते. तो कपाळावर चालत नाही आणि कपाळाचा कानात चालत नाही.

आता दोन तोतये सांगते, कारण फोटोत ते हमखास फसवतात. पहिला म्हणजे काचेचाच, पण आत लाल किंवा निळी रेघ असलेला. तो भिंतीवर टांगून खोलीची हवा मोजायचा किंवा शाळेच्या प्रयोगशाळेतला असतो. त्यावरचे आकडे शून्याच्या खालपासून पन्नास किंवा शंभराच्या वर जातात. अंगाचा ताप मोजायच्या थर्मामीटरवर साधारण ३५ ते ४२ एवढेच सेल्सिअसचे आकडे, किंवा ९५च्या आसपासपासून १०८पर्यंत फॅरनहाइटचे आकडे असतात. पट्टी लांबलचक आकड्यांची दिसली, तर तो तापाचा नाही.

दुसरा तोतया बंदुकीचाच. तो कारखान्यात भट्टी, मोटार, पाइप किती तापलाय ते बघायला असतो. त्याला बोटाने दाबायचा घोडा असतो आणि दाबला की समोर लाल ठिपका पडतो. अंगावर बहुधा पिवळी पट्टी असते, त्यावर तो लाल किरण डोळ्यांत जाऊ देऊ नका अशी सूचना असते. हा माणसाच्या कपाळावर कधीच वापरायचा नाही. एक तर त्याचा आकडा तापासाठी बनवलेला नाही आणि दुसरं म्हणजे तो लाल किरण मुलाच्या डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते.

ओळख झाली. आता एकेकाचं वाचन बघू.

पाऱ्याच्या थर्मामीटरची एक खुबी आहे. फुगवट्याच्या लगेच वर काचेची नळी एका ठिकाणी फार चिंचोळी केलेली असते. अंगाच्या उष्णतेने पारा फुगतो आणि त्या चिंचोळ्या जागेतून वर सरकतो. पण थर्मामीटर बाहेर काढल्यावर तो आपोआप परत येऊ शकत नाही, तिथेच अडकून राहतो. म्हणून तर काढल्यावर आपण उजेडात नेऊन निवांत वाचू शकतो. पण याचाच दुसरा अर्थ असा, की काल १०३ ताप मोजला असेल तर आजही तो १०३च दाखवतो. मोजण्याआधी पारा झटकून ३५च्या किंवा ९५च्या खाली उतरवावाच लागतो. फुगवट्याकडचं टोक खाली ठेवायचं, वरचं टोक चिमटीत घट्ट धरायचं आणि मनगटाला दोन-चार झटके द्यायचे. भिंत, खाटेचा कठडा, ओटा यांच्यापासून लांब उभं राहून. कितीतरी थर्मामीटर झटकतानाच फुटतात.

मग काखेतला घाम फडक्याने टिपायचा, फुगवटा काखेच्या मधोमध ठेवायचा, हात अंगाशी घट्ट धरायचा आणि घड्याळ लावून पाच मिनिटं थांबायचं. मोठ्या माणसाच्या जिभेखाली ठेवला तर तीन मिनिटं, तोंड मिटून. चहा किंवा गार पाणी घेतलं असेल तर अर्धा तास थांबून. लहान मुलाच्या तोंडात काचेचा थर्मामीटर द्यायचाच नाही, दाताखाली तो सहज फुटतो.

वाचताना थर्मामीटर आडवा, डोळ्यांच्या बरोबर समोर धरा. बोटं फुगवट्याला लावू नका. आता कांडी बोटांत हळूहळू गोल फिरवा. काचेची कांडी गोल नसून एका बाजूला धारेसारखी असते, ती धार भिंगाचं काम करते. बारीक केसाएवढी पाऱ्याची रेघ एका ठराविक कोनातच रुंद चंदेरी पट्टीसारखी दिसते. फिरवताना ती पट्टी दिसली की थांबायचं आणि ती जिथे संपते तिथला आकडा घ्यायचा.

इथे एक चूक फार होते. फॅरनहाइटच्या पट्टीवर दोन आकड्यांमध्ये पाच घरं असतात, म्हणजे एक घर दोन दशांशाचं. पारा १००च्या पुढे दोन घरं गेला असेल तर ताप १००.२ नव्हे, १००.४ आहे. सेल्सिअसच्या पट्टीवर मात्र दहा घरं असतात, तिथे एक घर एक दशांशाचं.

आणि आता फोटोचं सांगते. पाऱ्याच्या थर्मामीटरचा फोटो बघून दुसऱ्या बाईने ताप सांगू नये. फोटो काढणारीचा मोबाईल जरा वर किंवा बाजूला असला, तर रेघ आणि आकडा एकमेकांपासून सरकलेले दिसतात. फ्लॅश पडला तर काचेवरची चमकच पारा वाटते. आणि बऱ्याचदा कोन जुळला नसल्याने रेघ दिसतच नाही. अशा फोटोवरून एवढंच सांगता येतं की हा पाऱ्याचा आहे, आणि पाऱ्याची रेघ मधेच तुटलेली दिसत असेल तर तो झटकून पुन्हा लावायला हवा. आकडा मोजणारीनेच वाचावा आणि लिहून पाठवावा.

पाऱ्याच्या थर्मामीटरची आणखी एक मर्यादा आहे. त्याची पट्टी ३५च्या आसपास सुरू होते. तान्हं बाळ गार पडलं असेल, त्याचं अंग ३४ असेल, तर पारा हलणारच नाही आणि आपल्याला वाटेल की थर्मामीटर बिघडलाय. तान्ह्या बाळासाठी गार पडणंही तापाइतकंच धोक्याचं. म्हणून आशाताईंच्या पिशवीत घरी येऊन बाळ तपासायला डिजिटलच असतो.

तो फुटला तर काय करायचं, तेही ऐका. पाऱ्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही, पण श्वासातून आत जाते, ती वाईट. मुलांना आणि गरोदर बाईला खोलीबाहेर काढा. दारं-खिडक्या उघडा, पंखा बंद ठेवा. हातातल्या अंगठ्या, सोन्याच्या बांगड्या आधी काढून ठेवा, कारण पारा सोन्याला चिकटतो आणि ते खराब करतो. झाडू अजिबात मारायचा नाही, झाडूने एका मण्याचे शंभर बारीक मणी होतात आणि फटीत जातात. हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा, दोन जाड कागदांनी मणी एकमेकांत ढकलत एकत्र करा, उरलेले बारीक मणी चिकटपट्टीने टिपा. सगळं झाकणाच्या बरणीत घालून वर थोडं पाणी ओता, झाकण घट्ट लावा. चुलीत, मोरीत किंवा उकिरड्यावर टाकू नका. आरोग्य केंद्रात विचारून तिकडे द्या. पाऱ्याच्या याच धोक्यामुळे मिनामाता नावाचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला, २०१८ साली भारतानेही त्याला मान्यता दिली आणि पाऱ्याची अशी उपकरणं हळूहळू बंद करायचं ठरलं. घरात जुना धडधाकट असेल तर घाबरू नका, पण डबीत घालून मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा.

आता डिजिटल. बटण दाबलं की खिडकीत आधी सगळ्या रेघा एकदम उमटतात, आठावर आठ दिसतात. ते यंत्र स्वतःची खिडकी तपासत असतं. तो ताप नव्हे. मग बऱ्याच यंत्रांत दोन-तीन सेकंद मागच्या वेळचा आकडा दिसतो आणि शेजारी बारीक `M` अक्षर असतं. त्यानंतर `Lo` अशी अक्षरं येतात आणि `°C` किंवा `°F` लुकलुकतं. ही अक्षरं आली म्हणजे यंत्र तयार झालं. खोलीतली हवा अंगापेक्षा गार असते, म्हणून ते "कमी" असं म्हणतंय, बिघडलेलं नाही.

आता टोक काखेत, कातडीला लागेल असं. मधे झबल्याची बाही येऊ द्यायची नाही. हात दाबून धरायचा. टोक तापत जातं, आकडा चढत जातो आणि चढायचा वेग मंदावला की यंत्र बीप करतं. बीपचा अर्थ एवढाच की आकडा आता फारसा चढत नाही. बाळाचा हात सैल असेल, काखेत हवा शिरत असेल, तरीही आकडा चढायचा थांबतो आणि बीप येतं. म्हणजे बीप आलं तरी आकडा खोटा असू शकतो. म्हणून हात घट्ट धरणं बीपपेक्षा महत्त्वाचं. काही यंत्रांबरोबर आलेल्या कागदावर काखेत बीपनंतरही थोडा वेळ ठेवा असं लिहिलेलं असतं, ते मुलीकडून, सुनेकडून वाचून घ्या.

डिजिटलचा फोटो वाचायला सगळ्यात सोपा. पण चार ठिकाणी नजर टाका. शेजारी `M` आहे का? असेल तर तो मागच्या वेळचा, कदाचित दुसऱ्याच माणसाचा ताप आहे. शेवटच्या आकड्याआधी टिंब आहे का? फोटोत टिंब हरवतं आणि ३७.९ हे ३७९ दिसतं. बॅटरीचं चिन्ह दिसतंय का? आकडे फिके, अर्धवट आहेत का? मग सेल बदलून पुन्हा मोजायला सांगा. आणि जुना सेल लगेच मुलांपासून लांब ठेवा. ती बटणासारखी टिकली बाळाने गिळली तर आत अन्ननलिका जळते.

चौथं आणि सगळ्यात मोठं, `°C` आहे की `°F`? आपल्या कानाला १०० म्हणजे ताप ही सवय. यंत्र सेल्सिअसवर असेल तर ते कधीच १०० दाखवणार नाही. सेल्सिअसमध्ये ३७ म्हणजे आपले ९८.६. तिथून पुढे सेल्सिअसची अर्धी डिग्री वाढली की आपली ०.९ वाढते. म्हणजे ३७.५ला ९९.५, ३८ला १००.४, ३९ला १०२.२ आणि ४०ला १०४. एवढे आकडे कागदावर लिहून थर्मामीटरच्या डबीत घालून ठेवा.

तिसरी बंदूक. करोनाच्या काळात ती शाळेत, ग्रामपंचायतीत, दुकानात आली आणि मग घरोघर पोचली. तिच्यातून किरण डोक्यात जातात असं कुणीतरी पसरवलं होतं. तसं नाही. चुलीजवळ हात नेला की न शिवताही ऊब कळते ना? तशीच ऊब प्रत्येकाच्या कातडीतून बाहेर पडत असते. ही बंदूक ती ऊब फक्त घेते, सोडत काही नाही.

पण यातच तिचा कमकुवतपणा आहे. ती वरच्या कातडीची ऊब मोजते आणि त्यावरून आतला ताप किती असेल याचा हिशोब करून दाखवते. कपाळावर घाम असेल, नुकतं ओलं फडकं ठेवलेलं असेल, पंख्याचा वारा लागत असेल, तर आकडा खोटा कमी येतो. उन्हातून आलेल्या किंवा चुलीसमोरून उठलेल्या बाईचा खोटा जास्त येतो. म्हणून ओली पट्टी काढून, घाम टिपून, केस आणि पदर बाजूला सारून, टिकली-कुंकू टाळून, सावलीत पंधरा-वीस मिनिटं बसल्यावर मोजायचं. यंत्रही त्याच खोलीत तेवढा वेळ असायला हवं. गाडीतून किंवा उन्हातून आणून लगेच मोजायचं नाही. कपाळाच्या मधोमध, सरळ समोर धरायचं. बऱ्याच यंत्रांना तीन ते पाच सेंटिमीटर, म्हणजे साधारण दोन-तीन बोटांचं अंतर लागतं, पण आपल्या यंत्राच्या कागदावर जे लिहिलंय तेच धरा. मनगटावर मोजू नका, हाता-पायांची ऊब थंडीने आणि तापातसुद्धा बदलते. पुढचं भिंग मळलं असेल तर मऊ कोरड्या फडक्याने पुसा.

आणि फोटोत सगळ्यात आधी एक शब्द शोधा. या यंत्रात बहुधा दोन तऱ्हा असतात. खिडकीत `Body` लिहिलेलं किंवा माणसाचं चित्र दिसलं, तर ते माणसाच्या तापावर आहे. `Surface` लिहिलेलं किंवा बाटली, घर असं चित्र दिसलं, तर ते दुधाची बाटली किंवा भिंत मोजायच्या तऱ्हेवर आहे. त्यावर कपाळ मोजलं तर ते नुसत्या कातडीची ऊब सांगतं आणि ती आतल्या तापापेक्षा बरीच कमी असते.

हे सगळं एकत्र कसं लागतं, ते एका घरच्या प्रसंगावरून सांगते. आमच्या भागातल्या एका गावात गेल्या हिवाळ्यात एका घरी पाच आठवड्यांचं बाळ होतं. सकाळपासून ते नीट पीत नव्हतं. आजीने ग्रुपवर पहिला फोटो टाकला. बंदुकीचा होता, आकडा ३४.१. लगेच निरोप आले, "बाळ गार पडलंय, गोधडीत गुंडाळा." गुंडाळलंही. थोड्या वेळाने दुसरा फोटो आला, काचेच्या कांडीचा. त्यात फ्लॅशची पांढरी चमक सोडून काही दिसत नव्हतं. मग शेजारच्या बाईने आपल्या घरचा डिजिटल आणला, तिसरा फोटो ३७.९. त्यावर एकीने लिहिलं, "सदतीस म्हणजे शंभराच्या कितीतरी खाली, ताप नाही."

आता आपण काय करायचं? तिन्ही फोटो शेजारी-शेजारी ठेवू.

पहिल्या फोटोत आकड्याच्या वर `Surface` हा शब्द होता. म्हणजे ३४.१ ही कपाळाच्या कातडीची ऊब. त्यावरून बाळ गार आहे असं म्हणताच येत नाही. तो फोटो बाजूला. दुसरा फोटो पाऱ्याचा, फोटोवरून वाचायचाच नसतो. तोही बाजूला. तिसरा डिजिटल. टिंब जागेवर, आकडे ठळक, `M` नाही, शेजारी `°C`. आजीला फोन करून दोन गोष्टी विचारल्या. कुठे लावला? काखेत. हात धरला होता का? हो, बीप होईपर्यंत सुनेने धरला होता. म्हणजे हा आकडा धरण्याजोगा. ३७.९ म्हणजे ३७.५ला ९९.५, वर चार दशांश, आपले जवळजवळ १००.२.

मोठ्या माणसाला १००.२ असेल तर आपण पाणी पाजून, आराम करायला लावून वाट बघू. पण बाळाचं वय काय? पाच आठवडे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला काखेत ३७.५ किंवा त्याहून जास्त, म्हणजे ९९.५ किंवा जास्त, हे धोक्याचं लक्षण आहे. तसंच काखेत ३५.५च्या खाली, म्हणजे ९५.९च्या खाली, हेही धोक्याचं. एवढ्या लहान बाळात जंतूंची मोठी लागण आत चालू असताना ताप थोडाच चढतो, कधी उलट अंग गार पडतं. त्यात हे बाळ पीतही नव्हतं. म्हणून आजीला सांगितलं की गोधडी काढा, नेहमीएवढंच पांघरूण ठेवा, आशाताईंना फोन लावा आणि निघा. गाडी येईपर्यंत सुनेने डिजिटल पुन्हा लावला, ३८.० आला. आशाताई सोबत गेल्या. डॉक्टरांनी बाळाला त्याच दिवशी दाखल करून घेतलं आणि औषधं सुरू केली. बाळ आता बरं आहे.

तीन फोटोंत तीन आकडे होते आणि त्यातला एकच धरण्याजोगा होता. पहिल्याच आकड्यावर विसंबून बाळाला रात्रभर गोधडीत ठेवलं असतं, तर वेळ गेली असती.

इथे काखेच्या आकड्याबद्दलही सांगते. काखेतला ताप तोंडातल्यापेक्षा थोडा कमी येतो, म्हणून कित्येकजणी त्यात मनाने एक डिग्री मिळवून सांगतात. तसं करू नका. आईने एक मिळवायची, मग आशाताईंनाही वाटायचं की मिळवलं नसेल, त्या आणखी एक मिळवणार. आकडा आहे तसा सांगायचा आणि पुढे "काखेत" एवढा शब्द जोडायचा. बाकीचा हिशोब डॉक्टर करतील.

आणि बंदुकीवर आलेला आकडा जर माणसाच्या दिसण्याशी जुळत नसेल, म्हणजे पोर मलूल आहे, अंग पोळतंय आणि बंदूक ठीक दाखवतेय, तर काखेत डिजिटल लावा आणि तो आकडा धरा. बंदूक शाळेच्या दारात पन्नास मुलं भराभर बघायला चांगली. तान्ह्या बाळाचा निर्णय तिच्यावर घेऊ नका. आणि बाळ पीत नसेल, झटके येत असतील, श्वास जोरात चालला असेल, तर कुठल्याच थर्मामीटरची वाट बघायची नाही, सरळ निघायचं.

आता ग्रुपवर फोटो टाकायची रीत ठरवून घेऊ. फ्लॅश बंद करा. फक्त आकड्याचा जवळून फोटो नको, पूर्ण यंत्र दिसू द्या, म्हणजे जात ओळखता येईल. मोबाईल यंत्राच्या अगदी सरळ समोर धरा. आणि फोटोखाली पाच गोष्टी लिहा. माणसाचं वय. कुठे लावला, काखेत, जिभेखाली की कपाळासमोर. किती वाजता मोजला. तापाचं औषध दिलं असेल तर किती वाजता. आणि माणूस कसा आहे, खातंपितं का, खेळतं का. पाऱ्याचा असेल तर फोटोबरोबर आकडा स्वतः वाचून लिहा. समजा, असा निरोप, "वय ३ वर्षं, काखेत, डिजिटल, १०१.३, संध्याकाळी ७, औषध दुपारी २ला, पाणी पितोय." एवढं वाचून आशाताईंना पुढचं काहीच विचारावं लागत नाही.

या महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरातला थर्मामीटर डबीसकट घेऊन या. काचेचा असेल तर फडक्यात गुंडाळून. सगळे सतरंजीवर मांडू, कोणता कोणत्या जातीचा ते बघू आणि ज्यांच्या बंदुका `Surface`वर अडकल्यात त्या तिथेच `Body`वर करून घेऊ. भेटू बैठकीला. नमस्कार.